एजन्सी सुटते तेव्हा: नोटीस, गोदामातला माल आणि अडकलेलं कमिशन

एक उदाहरण धरून चालू. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून घेतलेत, पण प्रकार मुंबईतल्या कुठल्याही वितरकाला ओळखीचा वाटेल.

भांडुपला गाळा असलेला एक वितरक आहे. फिनाईल, भांड्यांचा लिक्विड, फरशी पुसायचं द्रावण असा साफसफाईचा माल बनवणाऱ्या एका कंपनीची एजन्सी त्याच्याकडे नऊ वर्षं आहे. मुलुंड ते घाटकोपर हा त्याचा पट्टा. कंपनीकडून माल विकत घ्यायचा आणि दुकानांत स्वतःच्या बिलावर विकायचा, हा मुख्य धंदा. त्याशिवाय हॉस्पिटलं, हॉटेलं आणि हाउसकीपिंगवाले कंत्राटदार यांच्या ऑर्डरी तो आणून देतो. तिथे माल आणि बिल थेट कंपनीचं, याला फक्त 4 टक्के कमिशन. एके दिवशी कंपनीचं पत्र येतं: कराराच्या अमुक कलमानुसार 60 दिवसांची नोटीस देत आहोत, 31 ऑगस्टला आपली एजन्सी समाप्त. चार दिवसांनी मागोमाग हिशोबाचं दुसरं पत्र: तुमच्याकडून 4,60,000 रुपये येणं आहे, 1,00,000 चं डिपॉझिट वळतं करून उरलेले 3,60,000 भरा, मग पुढचं बोलू.

पहिल्या पत्राने माणूस दुखावतो आणि दुसऱ्याने घाबरतो. त्या भरात एक तर तो पैसे भरून मोकळा होतो, नाही तर फोन उचलणं बंद करतो. दोन्हींत नुकसान त्याचंच. कारण कंपनीच्या पत्रात फक्त कंपनीची बाजू मांडलेली असते, आणि वितरकाचं येणं त्याने स्वतः मांडल्याशिवाय कुणी मांडत नाही.

आधी ठरवायचं: आपण वितरक की एजंट?

बाजारात सगळ्यालाच एजन्सी म्हणतात. कायदा मात्र एकच गोष्ट विचारतो: माल कोणाचा? माल विकत घेऊन, पैसे बुडण्याची जोखीम अंगावर घेऊन पुढे विकला तर तुम्ही स्वतंत्र व्यापारी. नफा-तोटा तुमचा, गोदामातला माल तुमचा. कंपनीच्या वतीने सौदा जमवून दिला किंवा कंपनीचाच माल तिच्या नावाने विकला तर तुम्ही एजंट. कराराच्या वर मोठ्या अक्षरांत काय छापलंय त्याला फारसं महत्त्व नाही, व्यवहार कसा चालतो ते बघितलं जातं. प्रीपेड सिमकार्ड विकणाऱ्या वितरकांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये हेच तपासलं. वितरकाला कमी दरात माल मिळतो तो फरक म्हणजे कमिशन नव्हे, कारण तो कंपनीचा एजंट नाही, स्वतःच्या खात्यावर धंदा करतो, असं ठरलं आणि त्यावर टीडीएस कापण्याची कंपनीची जबाबदारी नाही असंही.

आपल्या भांडुपच्या माणसाच्या डोक्यावर दोन्ही टोप्या आहेत. दुकानांच्या धंद्यात तो वितरक, हॉस्पिटलच्या धंद्यात एजंट. त्यामुळे त्याने पहिल्याच दिवशी दोन वह्या वेगळ्या कराव्यात. भारतीय करार कायदा, 1872 यात एजन्सीचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यातली संरक्षणं एजंटाच्या वहीला लागतात. वितरकाच्या वहीला मुख्यतः करारात काय लिहिलंय तेच लागतं.

नोटीस: दिवस मोजा, पण त्यावर घर बांधू नका

पत्रावर तारीख 1 जुलै आहे, हातात पडलं 4 जुलैला. करारात जर ‘नोटीस मिळाल्यापासून 60 दिवस’ असं असेल तर 4 तारीख सोडून मोजायचं: जुलैचे 27, ऑगस्टचे 31, म्हणजे 58, आणि साठावा दिवस 2 सप्टेंबरला. कंपनीने 31 ऑगस्ट लिहिलंय, म्हणजे दोन दिवस कमी पडले. बरेच जण यावर खूश होतात: नोटीसच रद्द! तसं सहसा होत नाही. नोटीस कमी पडली तर जेवढे दिवस कमी पडले त्यांची भरपाई मागता येते, एवढंच. तरीही तारीख पक्की करणं गरजेचं, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे: शेवटची ऑर्डर कधीपर्यंतची धरायची, कोणतं कमिशन आपलं, कोणत्या दिवसापासून पट्टा दुसऱ्याचा. म्हणून उत्तरात लिहावं की नोटीस 4 जुलैला मिळाली, त्यामुळे करार 2 सप्टेंबरला संपेल.

कुरियरचं पाकीट, ईमेलची वेळ, पोस्टाची पावती जपून ठेवा. जुन्या करारांत ‘रजिस्टर्ड पोस्टाने’ असं असतं. पोस्ट खात्याने 2025 मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात मिळवली, तेव्हा तुम्हीच नोटीस देणार असाल तर नोंदणीसह स्पीड पोस्ट करा आणि करारात दिलेल्या ईमेलवरही पाठवा. एरिया मॅनेजरला व्हॉट्सअॅपवर ‘आम्ही सोडतोय’ म्हणणं म्हणजे नोटीस नव्हे, करारात तशी सोय असल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

समजा कंपनीने ‘आजपासून बंद’ असं पत्र दिलं असतं तर? इथे इंडियन ऑइल आणि अमृतसर गॅस सर्व्हिस यांच्यातल्या वादाचा सर्वोच्च न्यायालयाचा 1990 चा निकाल माहीत असावा. गॅसची वितरकी काढून घेतली होती. लवादाने ती परत द्यायला सांगितलं. न्यायालय म्हणालं, ज्या करारात कुठलाही पक्ष 30 दिवसांच्या नोटिशीने बाहेर पडू शकतो, तो करार आम्ही कोणावर लादू शकत नाही. वितरकाला त्या 30 दिवसांत मिळालं असतं तेवढं कमिशन भरपाई म्हणून मिळेल. एजन्सी परत नाही.

आपल्या उदाहरणात त्याचा अर्थ काढू. महिन्याला 8,00,000 ची खरेदी, त्यावर 7 टक्के मार्जिन, म्हणजे 56,000. धंदा बंद झाल्यावर टेम्पो आणि माल पोचवणाऱ्या मुलाचा महिन्याचा 20,000 खर्चही वाचतो. राहिले 36,000. दोन महिन्यांचे 72,000. अचानक काढलं असतं तरी नोटिशीच्या कलमाखाली मागण्यासारखी रक्कम साधारण या घरातली. नऊ वर्षं पट्टा उभा केला त्याची किंमत यात येत नाही. वकिलाच्या नोटिशीत ‘साखेचं नुकसान 50 लाख’ असं वाचून बरं वाटतं, पण तो आकडा वसुलीसाठी धरून चालणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

दोन प्रकारांत गणित बदलतं. करार ठरावीक मुदतीचा असेल, मध्येच सोडण्याचं कलम नसेल, आणि पुरेशा कारणाशिवाय कंपनीने आधीच एजन्सी काढली असेल, तर करार कायद्याचं कलम 205 एजंटाला उरलेल्या काळाच्या नुकसानीची भरपाई मागू देतं. आणि नोटिशीची मुदत करारात लिहिलेलीच नसेल किंवा करारच तोंडी असेल, तर कलम 206 प्रमाणे ‘वाजवी’ नोटीस द्यावी लागते. वाजवी म्हणजे किती, ते संबंध किती जुना, एजंटाने त्यात काय गुंतवलं, दुसरं काम लावायला त्याला किती वेळ लागेल यावरून ठरतं. हे दोन्ही नियम दुतर्फा आहेत. तुम्ही अचानक सोडलंत तर कंपनीही भरपाई मागू शकते.

नोटिशीच्या त्या 60 दिवसांत करार जिवंत असतो, हे दोन्ही पक्ष सोयीस्कर विसरतात. कंपनी माल अडवते किंवा त्याच पट्ट्यात नवा माणूस उतरवते. पट्टा फक्त तुमचाच असं करारात असेल तर तो भंग आहे, ऑर्डरच्या ईमेलसकट लगेच लेखी कळवा. उलट बाजूला सेल्स ऑफिसर महिनाअखेरीला टार्गेट भरायला येतो: “शेठ, दोन लाखांचा माल उतरवून घ्या, जायच्या आधी मी स्वतः उचलतो.” तो ऑफिसर पुढच्या महिन्यात कदाचित त्या कंपनीतही नसेल. नोटीस आल्यापासून दर आठवड्याला विकतो तेवढाच माल मागवा, आणि न मागितलेला माल आला तर दारातच परत करून डिलिव्हरीच्या कागदावर ‘ऑर्डर नव्हती’ लिहून सही घ्या.

माल परत: इथेच सगळे अडकतात

समजूत अशी आहे की एजन्सी सुटली की कंपनीला उरलेला माल उचलावाच लागतो. वितरकाच्या बाबतीत असा कुठलाही सरसकट कायदा नाही. माल त्याने विकत घेतला, तो त्याचा झाला. परत घेण्याचं कलम करारात असेल तरच तो हक्क आहे. आणि ते कलम शब्द न शब्द वाचायचं असतं. ‘कंपनी परत घेईल’ हे एक, आणि ‘कंपनी स्वतःच्या मर्जीने परत घेऊ शकेल’ हे अगदी वेगळं. दुसऱ्यात कंपनी नाही म्हणाली तर तुम्ही तिला ओढून आणू शकत नाही.

तसं कलम नसलं तरी एक गोष्ट हातात राहते. कंपनीकडून रीतसर विकत घेतलेला अस्सल माल पुढे विकणं म्हणजे ट्रेडमार्कचा भंग नव्हे, असं ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 30 मध्ये आहे. माल जसा आला तसाच असला पाहिजे. लेबल बदललं, गळका कॅन दुसऱ्यात ओतला की हे संरक्षण गेलं. मुदत संपल्यावर ‘अधिकृत वितरक’ हा बोर्ड, बिलबुकवरचं चिन्ह आणि टेम्पोवरचं नाव काढून टाकायचं. पण ‘31 ऑगस्टनंतर आमचा माल विकायचा नाही’ असं पत्र कंपनीने दिलं, तर शांतपणे उत्तर द्यावं की मग तो बिलाच्या भावाने परत घ्या. बऱ्याच वेळा या एका वाक्याने उचलण्याची बोलणी सुरू होतात, कारण जुन्या वितरकाने बाजारात पडत्या भावाने माल फेकलेला कंपनीला आणि नव्या वितरकालाही परवडत नाही.

जाता जाता: एजन्सी संपल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीचा माल ठेवायचा नाही, अशी अट करारांत सर्रास दिसते. मुदत संपल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकत नाही. करार चालू असताना मात्र ती पाळावी लागते.

आता मोजणी. ती एकट्याने करू नका. कंपनीचा माणूस आणि तुम्ही समोरासमोर बसून, प्रत्येक मालाचा बॅच नंबर, बनवल्याची तारीख, वापरण्याची मुदत आणि नग लिहा, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. ‘एकूण 212 पेट्या’ अशी एक ओळ लिहून सही केली तर भिवंडीच्या डेपोत गेल्यावर त्यातल्या 40 पेट्या ‘खराब’ ठरतात आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. मालाचे ढीग तीन: विकण्याजोगा, मुदत जवळ आलेला, फुटका-गळका. कंपनी साधारण पहिला बिलाच्या भावाने घेते, दुसऱ्यावर घासाघीस करते आणि तिसरा डॅमेजच्या नेहमीच्या क्लेममध्ये टाकायला सांगते.

भाव कोणता? ज्या बिलावर माल आला त्यातला, सूट वजा जाता. दहा पेट्यांवर एक फुकट अशी स्कीम असेल तर त्या फुकट पेटीचे पैसे मागता येत नाहीत, आणि कंपनीनेही अकरा पेट्या परत घेऊन नऊंचेच पैसे देऊ नयेत. ‘हाताळणी खर्च 10 टक्के’ वगैरे कपात करारात लिहिली असेल तरच मान्य करा. आपल्या वितरकाकडे विकण्याजोगा माल 3,40,000 चा निघाला, नंतर दिलेल्या स्कीमचे 17,000 वजा होऊन 3,23,000 ठरले. त्यावर 18 टक्के जीएसटी 58,140. म्हणजे 3,81,140.

जीएसटीचा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच गप्प बसल्याबसल्या 18 टक्के जातात. माल परत करायचे दोन रस्ते आहेत. एक, तुम्ही डिलिव्हरी चलनावर माल पाठवायचा, कंपनी जीएसटीसह क्रेडिट नोट काढते आणि तुम्ही घेतलेली वजावट तेवढ्यापुरती उलटवता. दोन, तुम्ही स्वतः कंपनीच्या नावाने कर बिल फाडायचं, जणू तुम्ही तिला माल विकला. पहिला रस्ता रूढ आहे, पण त्याला मुदत आहे: मूळ बिल ज्या आर्थिक वर्षातलं, ते संपल्यावर येणारी 30 नोव्हेंबर, किंवा त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र कंपनीने भरण्याची तारीख, यातली जी आधी येईल ती. म्हणजे गोदामात फेब्रुवारी-मार्चच्या बिलांचा माल असेल तर त्याची क्रेडिट नोट येत्या 30 नोव्हेंबरच्या आत निघायला हवी. एप्रिलनंतरच्या मालाला आणखी एक वर्ष आहे. एजन्सी सप्टेंबरमध्ये संपते, कंपनीचं हेड ऑफिस दिवाळीनंतर बघू म्हणतं, आणि तारीख निघून जाते. मग कंपनी जीएसटीशिवाय नुसत्या रकमेची क्रेडिट नोट देऊ करते. ती घेऊ नका. तशी वेळ आली तर दुसऱ्या रस्त्याने जा, स्वतःचं बिल फाडा. त्यासाठी कंपनी ते बिल स्वीकारेल असं आधी ईमेलवर कबूल करून घ्यायचं.

क्रेडिट नोट मिळाली असं कुणी फोनवर सांगितलं तर पोर्टलवर आपल्या GSTR-2B मध्ये ती दिसते का ते पाहा. दिसली नाही तर कंपनीने ती आपल्या विवरणात अजून दाखवलेलीच नाही. आणि टेम्पो निघण्याआधी ई-वे बिल: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1,00,000 च्या वर, आणि माल वापीच्या कारखान्यात चालला असेल तर 50,000 च्या वर.

दुकानांत पडलेला माल हा वेगळाच काटा. एजन्सी सुटली तरी दुकानदार मुदत संपलेल्या बाटल्या तुमच्याकडेच परत करणार, आणि त्या बदल्यात तुमची उधारी अडवून ठेवणार. म्हणून कंपनीकडून लेखी घ्या की 2 सप्टेंबरनंतर दुकानांतून परत येणारा माल नवा वितरक घेईल. ते पत्र दुकानदाराला दाखवता आलं की उधारी निघते.

कमिशन: सौदा कधी पिकला?

आता एजंटाची वही. कलम 219 सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर काम पुरं झाल्यावर मेहनताना देय होतो. मग ‘काम पुरं’ म्हणजे काय, हा प्रश्न. ऑर्डर आणली की, माल पोचला की, ग्राहकाने पैसे दिले की? बहुतेक कंपन्या करारात ‘पैसे वसूल झाल्यावर’ असं घालतात. हे कलम कमिशन कधी द्यायचं ते सांगतं. वसुली करार संपल्यानंतर झाली तर कमिशन बुडालं, असं ते आपोआप म्हणत नाही. कंपनीचा अकाउंटंट मात्र ते तसंच वाचतो.

आपल्या वितरकाच्या तीन ऑर्डरी बघू. पहिली, मुलुंडच्या एका हॉटेलची, मे महिन्यात आणलेली 2,50,000 ची. पैसे 15 ऑगस्टला आले. कमिशन 10,000, वादच नाही. दुसरी 20 जुलैला आणलेली 3,00,000 ची. माल 20 ऑगस्टला गेला, पैसे 10 ऑक्टोबरला येणार. कंपनी म्हणते, तेव्हा तुम्ही एजंट नव्हता. पण ऑर्डर नोटिशीच्या काळातली, म्हणजे अधिकार जिवंत असताना आणलेली आहे, आणि एजंटाचं काम तिथेच संपलं होतं. उरलेलं काम वसुलीचं, कंपनीचं. करारात स्पष्ट उलट लिहिलं नसेल तर हे 12,000 त्याचे, फक्त ते ऑक्टोबरमध्ये मिळतील.

तिसरी खरी अवघड. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलबरोबर त्याने जूनमध्ये वर्षभराचे दर ठरवून दिले. हॉस्पिटल जुलैपासून मार्चपर्यंत दर महिन्याला साधारण 1,50,000 चा माल घेणार. जुलै-ऑगस्टचे 12,000 निर्विवाद त्याचे. सप्टेंबर ते मार्च हे सात महिने, 10,50,000 चा माल, 42,000 कमिशन, याचं काय? त्याची बाजू: गिऱ्हाईक मी आणलं, दर मी ठरवले. कंपनीची बाजू: दर महिन्याची ऑर्डर वेगळी, ती मिळवायला आणि सांभाळायला आता आमचा माणूस जातो. दोन्हींत तथ्य आहे. हॉस्पिटलने वर्षभर घेणं कबूल केलेली ऑर्डर दिली असेल तर त्याची बाजू जड. नुसतं दरपत्रक मान्य केलं असेल तर कंपनीची. आपल्या उदाहरणात दरपत्रकच होतं, आणि दोघांनी निम्म्यावर, 21,000 वर, मिटवलं. माझ्या मते ठीकच झालं, वकिलाची फी धरता 42,000 साठी भांडण्यात अर्थ नव्हता.

हे सिद्ध कशावरून करायचं? नोटीस मिळाल्याच्या आठवड्यातच एक यादी बनवून कंपनीला ईमेल करा: ग्राहक, ऑर्डरची तारीख, रक्कम, माल गेला का, पैसे आले का, आणि ज्यांच्याशी बोलणी चालू आहेत ते सुद्धा. त्या वेळी त्यावर कुणी हरकत घेत नाही. तीन महिन्यांनी तीच यादी दिली तर प्रत्येक ओळीवर वाद होतो. कंपनीच्या ऑर्डर पोर्टलचं लॉगिन मुदतीच्या दिवशी बंद होतं, म्हणून नोंदी त्याआधीच उतरवून घ्या.

सगळं मिळून कमिशन 55,000. वितरक जीएसटीत नोंदलेला असल्याने त्यावर 18 टक्क्यांनी 9,900 लावून बिल द्यायचं. कंपनी 55,000 वर 2 टक्के टीडीएस, 1,100, कापेल, तो पुढे विवरणपत्रात मिळतो. हातात 63,800.

एजंटाकडे एक हत्यार आहे, कलम 221. करारात उलट काही नसेल तर कमिशन आणि खर्च मिळेपर्यंत तो कंपनीचा माल किंवा कागद अडवून ठेवू शकतो. पण अडवणं म्हणजे विकणं नव्हे. छापील करारांत हा हक्क बऱ्याचदा एका ओळीत काढून टाकलेला असतो, तेव्हा आधी ती ओळ शोधा. आणि हे फक्त एजंट म्हणून ताब्यात असलेल्या कंपनीच्या मालाला लागतं. आपल्या वितरकाच्या गाळ्यातला माल त्याचाच आहे, तो अडवून कोणाचं काय अडणार!

शेवटचा कागद

आता कंपनीच्या त्या 3,60,000 कडे परत येऊ. वितरकाचं देणं 4,60,000 हे खरं आहे, तेवढी बिलं बाकी आहेत. त्याचं येणं असं: माल 3,81,140, डिपॉझिट 1,00,000, कमिशन 63,800. शिवाय स्कीम आणि डॅमेजचे जुने क्लेम 85,000 चे होते, त्यांतल्या 20,000 चे फोटो किंवा दुकानदारांच्या सह्या नव्हत्या, म्हणून 65,000 मान्य झाले. बेरीज 6,09,940. म्हणजे कंपनीनेच त्याला 1,49,940 द्यायचे. पत्र मात्र 3,60,000 मागत होतं. त्या पत्रातला एकही आकडा खोटा नव्हता.

हे मांडायला उशीर केला तर धोका कुठून येतो? एजन्सी घेताना दिलेल्या कोऱ्या सहीच्या चेकमधून. कंपनी त्यावर 3,60,000 भरून बँकेत टाकू शकते. चेक परत गेला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 ची नोटीस येते, आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते. ‘चेक कोरा दिला होता’ एवढं म्हणून सुटका होत नाही. सही तुमची असली की तो देण्यापोटीच दिला होता असं न्यायालय आधी गृहीत धरतं, उलट सिद्ध करणं तुमच्यावर येतं. म्हणून नोटिशीला पहिलं उत्तर देतानाच चेकचे नंबर लिहा, ते तारण म्हणून दिले होते असं सांगा, हिशोब वादात आहे आणि आपलं येणं अमुक आहे हेही त्याच पत्रात कळवा, आणि चेक परत मागा. बँकेला ‘पेमेंट थांबवा’ सांगण्याने हा प्रश्न सुटत नाही, पैसे थांबवल्यामुळे परत गेलेल्या चेकवरही तक्रार होऊ शकते.

कंपनी शेवटी एक कागद पुढे करते: ‘आमचा कोणताही दावा शिल्लक नाही.’ त्यावर सही आधी आणि पैसे नंतर, अशी तिची इच्छा असते. सही झाल्यावर ऑक्टोबरमध्ये येणारे ते 12,000 आणि हॉस्पिटलचे 21,000 मागायला गेलात तर तोच कागद दाखवला जाईल. एक तर रक्कम खात्यात आल्यावर सही करा, किंवा कागदातच लिहून घ्या की अमुक दोन कमिशनं अमुक तारखेला देय आहेत आणि चेक क्रमांक अमुक परत मिळाले.

नाहीच मिटलं तर? करारात लवादाचं कलम आहे का आणि त्याची जागा कुठली ते पाहा. मुख्यालय दुसऱ्या शहरात असेल तर ‘वाद तिथेच’ असं बहुधा लिहिलेलं असतं, आणि दीड लाखासाठी तिथे खेटे घालणं परवडत नाही. लवाद नसेल तर 3,00,000 आणि त्यावरचे वितरण-एजन्सीचे वाद व्यापारी न्यायालयात जातात, आणि तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीसाठी अर्ज करणं तिथे सक्तीचं आहे. आपल्या वितरकाची रक्कम 3,00,000 पेक्षा कमी आहे, म्हणून त्याला साधा दिवाणी दावा. उद्यम नोंदणी आहे म्हणून 45 दिवसांच्या लघुउद्योग कायद्याखाली व्याजासकट वसुली होईल, या भरवशावर व्यापाऱ्यांनी राहू नये. घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना ती नोंदणी 2021 पासून मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती.

वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. कंपनी ‘ऑडिट चालू आहे’ म्हणत ती खाते. मुदत संपायच्या आत कंपनीने लेखी आणि सहीनिशी बाकी मान्य केली तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात. त्यामुळे दर 31 मार्चला खातेउतारा पाठवून त्यावर कंपनीचा सही-शिक्का मागा, आणि त्या उताऱ्यात कमिशन आणि क्लेमची ओळ आहे का ते पाहिल्याशिवाय आपली सही त्यावर करू नका.